आईच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना पत्र

घरातलं वयस्कर माणूस पडलं की आधी बाथरूममध्ये धरायला दांडा बसतो, पायपुसणं उचललं जातं, रात्री पॅसेजमधला दिवा चालू राहतो. हे सगळं करायलाच हवं. पण तेच माणूस दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पडलं तरी बहुतेक घरांत गोळ्यांचा डबा कोणी नीट उघडून बघत नाही.

साताऱ्यात राहणाऱ्या ७६ वर्षांच्या एका आईचं उदाहरण घेऊ. ते कुणा एका घराचं नाही, अनेक घरांत दिसणारे तपशील जुळवून उभं केलं आहे. वजन ४८ किलो. वडील गेल्यानंतर झोप उडाली, मन लागेना, म्हणून तेव्हा एका डॉक्टरांनी रात्रीची गोळी सुरू केली. मग तळपायांची आग होऊ लागली, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी ‘नसांची गोळी’ दिली. पुन्हा झोप येईना, तेव्हा जवळच्या दवाखान्यातून आणखी एक छोटी गोळी आली. प्रेशरची गोळी आधीपासून होतीच. सर्दी झाली की मेडिकलमधून एक पिवळी गोळी यायची, ती पुढे रोजचीच झाली. मग आई पडली. ‘चक्कर येते’ म्हणाली, म्हणून चकरेची गोळी लागली. त्यानंतर ती आणखी दोनदा पडली.

प्रत्येक गोळीला तिच्या तिच्या वेळी कारण होतं. कुठल्याच डॉक्टरने बेफिकिरी केलेली नाही. पण या सगळ्या गोळ्या एका कागदावर, एकाखाली एक, कोणीच पाहिलेल्या नाहीत. तो कागद बनवायचं काम पुण्याहून आलेल्या मुलीला जमण्यासारखं आहे, कारण स्ट्रिपा तिच्या हातात आहेत.

स्ट्रिपवर मोठ्या अक्षरांत कंपनीचं नाव असतं. ते सोडून मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचायची, गरज पडली तर मोबाइलवर फोटो काढून मोठा करून. आपल्याकडे एका गोळीत दोन-दोन औषधं घालून विकण्याची पद्धत फार आहे आणि नेमकं तिथेच घोळ होतो. मुलीने उतरवून काढलं तेव्हा दिसलं, की वडील गेल्यानंतरची गोळी एसिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम यांची जोडगोळी आहे आणि झोपेची म्हणून आलेली छोटी गोळीही क्लोनाझेपामच आहे. नावं वेगळी, रंग वेगळे, औषध एकच. तिने लिहिलेलं पत्र असं:

माननीय डॉक्टर,
सादर नमस्कार.

माझी आई, वय ७६, गेली काही वर्षं तुमच्याकडे प्रेशरसाठी येते. गेल्या सहा आठवड्यांत ती तीनदा पडली. ३ मे, पहाटे तीन, लघवीला उठताना. २४ मे, रात्री अडीच, तेव्हाही तसंच. ११ जून, दुपारी चार, जेवणानंतर झोपून उठताना. शुद्ध हरपली नव्हती. तिसऱ्या वेळी कपाळाला खोक पडली, तेव्हा लगेच सीटी स्कॅन केला, तो ठीक आला. रक्त पातळ करणारं औषध ती घेत नाही. चकरेची गोळी पहिल्यांदा पडल्यानंतर सुरू झाली.

ती खरोखर घेते ती औषधं:
सकाळी: टेल्मिसार्टन ४० आणि अम्लोडिपिन ५ (एकत्र).
सकाळ-दुपार-रात्र: प्रोक्लोरपेराझिन ५ (चकरेसाठी).
रात्री: एसिटालोप्राम १० आणि क्लोनाझेपाम ०.५ (एकत्र), क्लोनाझेपाम ०.२५ (वेगळी), प्रीगॅबालिन ७५ आणि नॉरट्रिप्टिलिन १० (एकत्र), क्लोरफेनिरामिन असलेली सर्दीची गोळी (चिठ्ठीशिवाय).

घरी प्रेशर मोजलं. पाच मिनिटं आडवी असताना १३८/८०. उभी राहिल्यावर एका मिनिटाने ११२/७०, तीन मिनिटांनी ११४/७०. क्रिएटिनिन १.१. सकाळी दहापर्यंत ती गुंगीत असते, दुपारीही डुलक्या घेते, बोलता बोलता शब्द विसरते.

माझी विनंती एवढीच, की ही सगळी औषधं तुम्ही एकदा एकत्र पाहावीत. यातलं आता कोणतं लागत नाही, कोणतं दोनदा जातंय आणि कोणतं कमी करता येईल? आम्ही स्वतःहून काहीही बंद केलेलं नाही. झोप जाईल अशी आईला भीती आहे, पण पडण्याची भीती त्याहून मोठी आहे. हे पत्र तिला वाचून दाखवलं आहे. बाकी डॉक्टरांशी बोलायचं असल्यास त्यांच्या चिठ्ठ्यांच्या प्रती जोडल्या आहेत. केवळ यासाठी थोडी जास्त वेळ मिळेल अशी वेळ द्यावी.

आपली नम्र

पत्र एका पानाचं आहे. ‘आईला फार गोळ्या आहेत’ अशी तक्रार त्यात नाही, कुणाला दोष नाही आणि इंटरनेटवरून काढलेले कागद जोडलेले नाहीत. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांना जे विचारून काढायला वेळ मिळत नाही, तेवढंच त्यात आहे. त्यातल्या काही ओळी थोड्या उलगडून बघण्यासारख्या आहेत.

आधी पडण्याच्या वेळा. तिन्ही वेळा आई झोपेतून उठत होती. आडवं असलेलं माणूस उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं आणि शरीराला काही क्षणांत नसा आवळून ते वर रेटावं लागतं. वयाने हे काम मंदावतं, काही औषधांनी आणखी मंदावतं. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचं प्रेशर २० किंवा खालचं १० ने उतरलं तर ती घसरण दखल घ्यावी अशी मानतात. आईचं वरचं प्रेशर २६ ने उतरलं होतं. दवाखान्यात खुर्चीवर बसवून मोजलं असतं तर हा आकडा कुणालाच दिसला नसता. यात प्रेशरच्या गोळीचा वाटा असू शकतो, नॉरट्रिप्टिलिनचा असू शकतो आणि प्रोक्लोरपेराझिनचाही. म्हणजे चकरेवर दिलेली गोळीच उभं राहताना भोवळ आणू शकते. शिवाय ती गुंगी आणते आणि म्हाताऱ्या माणसाने बरेच दिवस घेतली तर हातपाय ताठरून चाल घसटत येऊ शकते. मग त्या चालीवर पार्किन्सनचं औषध सुरू होण्याचा धोका असतो. औषधाच्या परिणामाला नवा आजार समजून नवं औषध देणं ही साखळी कुठेतरी तोडावी लागते.

आता क्लोनाझेपाम. शरीरातलं हे औषध निम्म्यावर यायला साधारण ३० ते ४० तास लागतात. म्हणजे आज रात्रीची गोळी निम्मीही उतरलेली नसताना उद्याची पोटात जाते, आणि काही दिवसांत रक्तातली पातळी चढून तिथेच राहते. दुपारी चारला पडली तेव्हा आई ‘झोपेच्या गोळीच्या अमलाखाली’ असेल असं कुणाच्या मनात आलं नसतं, पण ती होती.

क्रिएटिनिन १.१. लॅबच्या कागदावर हा आकडा नॉर्मलच्या रकान्यात बसतो. पण क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं आणि ४८ किलोच्या वृद्ध बाईच्या अंगात स्नायू थोडेच असतात. वय आणि वजन धरून डॉक्टर वापरतात त्या सूत्रात तिचे आकडे घातले तर मूत्रपिंडं मिनिटाला सुमारे ३३ मिलिलिटर रक्त साफ करतात असं निघतं. धडधाकट तरुणात हा आकडा शंभरच्या आसपास असतो. प्रीगॅबालिन जवळजवळ सगळं लघवीवाटेच बाहेर जातं. त्यामुळे ७५ मिलिग्रॅमचा डोस छोटा दिसला तरी तिच्या अंगात तो मोठ्यासारखा वागतो. म्हणून पत्रात वजन आणि क्रिएटिनिन दोन्ही हवेत. मुलीच्या पत्रातून वजन राहिलं आहे, ते जोडावं.

वृद्धांना कोणती औषधं जपून द्यावीत याची एक यादी अमेरिकेत मार्क बिअर्स या डॉक्टरने १९९१ मध्ये केली. आता तिथली वृद्धरोगतज्ज्ञांची संस्था ती वेळोवेळी सुधारते. २०२३ च्या आवृत्तीतही इशारा आहे, की मेंदूवर काम करणारी तीन किंवा अधिक औषधं एकाच वेळी टाळावीत, कारण त्याने पडण्याचा आणि हाड मोडण्याचा धोका वाढतो. त्या हिशेबात आईची चार भरतात: क्लोनाझेपाम, प्रीगॅबालिन, नॉरट्रिप्टिलिन, एसिटालोप्राम. चकरेची आणि सर्दीची गोळी वेगळीच.

यातलं काहीही घरच्या घरी एकदम बंद करायचं नाही, हे मी अगदी कळकळीने सांगतो. वर्षानुवर्षं चाललेलं क्लोनाझेपाम अचानक थांबवलं तर हात थरथरतात, जीव घाबराघुबरा होतो, झोप पार उडते आणि कधीकधी फिट येते. प्रीगॅबालिन आणि एसिटालोप्रामही टप्प्याटप्प्यानेच उतरवावी लागतात.

डॉक्टर बहुधा सोप्या टोकापासून सुरुवात करतील. सर्दीची आणि चकरेची गोळी आधी जाईल. मग नसांच्या गोळीने तळपायांची आग खरोखर कमी झाली आहे का, हे आईला विचारलं जाईल. झाली नसेल तर ती गोळी ठेवण्याचं कारण उरत नाही. क्लोनाझेपाम सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सावकाश. इथे जोडगोळीची अडचण पुन्हा समोर येते: ती अर्धी केली तर एसिटालोप्रामही अर्धं होतं, आणि मनाच्या आजाराचं औषध असं नकळत निम्मं करणं धोक्याचं. म्हणून डॉक्टरांना दोन्ही औषधं सुट्या गोळ्यांत लिहून द्यावी लागतात. मग एकूण ०.७५ वरून ०.६२५, दोन-तीन आठवडे थांबून ०.५, अशी उतरण करता येते. एका वेळी एकच बदल, म्हणजे काही बिघडलं तर कशामुळे ते कळतं.

प्रत्येक पायरीनंतर दोन-चार रात्री झोप खराब जाते. याच ठिकाणी घरचे कच खातात, ‘बघा, गोळीशिवाय होतच नाही’ म्हणून पुन्हा मागे जातात. ही कमी केलेल्या गोळीची तात्पुरती प्रतिक्रिया असते, बहुतेकांत ती ओसरते. फारच त्रास झाला तर त्याच पायरीवर जास्त दिवस थांबावं. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये याच गटातल्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांना औषधांच्या दुकानांमार्फत धोके समजावणारी आणि गोळी हळूहळू कशी उतरवायची हे दाखवणारी एक पुस्तिका दिली गेली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सहा महिन्यांनी पुस्तिका मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांनी गोळी पूर्ण सोडली होती, न मिळालेल्यांपैकी फक्त ५ टक्क्यांनी. रुग्णाला स्वतःला पटणं किती कामाचं असतं ते यातून दिसतं. पत्र आईला वाचून दाखवलं ही ओळ म्हणूनच मला महत्त्वाची वाटते.

डॉक्टर काही गोळ्यांना हात लावणार नाहीत, हेही शक्य आहे. फिटसाठी दिलेलं क्लोनाझेपाम किंवा गंभीर नैराश्यावरचं औषध पडण्याच्या भीतीने सहसा काढत नाहीत. शिवाय पडण्यामागे मोतीबिंदू, रक्तातलं सोडियम उतरणं (एसिटालोप्रामनेही ते उतरतं), बी-१२ ची कमतरता, हृदयाचे अनियमित ठोके अशी कारणं असू शकतात. म्हणून डॉक्टर काही तपासण्याही सांगतील. आणि डोक्याला मार लागल्यावर त्याच दिवशी किंवा पुढच्या काही आठवड्यांत माणूस जास्त पेंगू लागलं, बोलणं विस्कळीत झालं, उलट्या झाल्या, तर पत्राची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर लक्षणं नसली तरी.

बदल सुरू झाल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरवरच नोंदी ठेवता येतात: त्या दिवशी कोणती गोळी किती घेतली, सकाळी किती वाजता आई नीट जागी झाली, तोल गेला का. आठवड्यातून एकदा आडवं आणि उभं प्रेशर. पुढच्या भेटीला ते पान फाडून डॉक्टरांना द्यायचं.