एका पेशीचे पन्नास

पुण्या-मुंबईच्या मोठ्या लॅबमध्ये पांढऱ्या पेशी मशीन मोजते. तरी पॅथॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला विद्यार्थी आजही काचेच्या न्यूबाउर चेंबरवरच त्या मोजायला शिकतात.

पहिली अडचण गर्दीची. एका घनमिलिमीटर रक्तात पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,०००, तर तांबड्या पन्नास लाखांच्या घरात. नुसत्या सलाइनमध्ये रक्त पातळ केले तर या गर्दीत पांढरी पेशी शोधणे अशक्यच. म्हणून टर्कचे द्रावण वापरतात. त्यातले सौम्य ॲसिटिक ॲसिड तांबड्या पेशी फोडते, आणि जेन्शियन व्हायोलेट पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला जांभळट रंग देते. ०.३८ मिलिलिटर द्रावणात ०.०२ मिलिलिटर रक्त मिसळले की ते वीस पट पातळ होते. पिपेटच्या बाहेर लागलेले रक्त आधी पुसायचे, नाहीतर तेही मोजणीत येते.

चेंबरवर एक मिलिमीटर बाजूचे नऊ मोठे चौकोन कोरलेले असतात. त्यांतले चार कोपऱ्यांतले पांढऱ्या पेशींसाठी. क्षेत्रफळ चार चौरस मिलिमीटर, खोली ०.१ मिलिमीटर, म्हणजे द्रव ०.४ घनमिलिमीटर. चेंबर भरल्यावर दोन-तीन मिनिटे पेशी खाली बसू द्यायच्या आणि कंडेन्सर खाली घेऊन, उजेड कमी करून १०च्या ऑब्जेक्टिव्हखाली मोजायच्या. रेषेवरच्या पेशींपैकी डाव्या आणि वरच्या रेषेवरच्या धरायच्या, उजव्या आणि खालच्या सोडायच्या. म्हणजे एकही पेशी दोनदा मोजली जात नाही.

समजा, चार चौकोनांत ३८, ३१, ३६ आणि ३५ पेशी सापडल्या. बेरीज १४०.

१४० × २० ÷ (४ × ०.१) = ७,०००

म्हणजे मोजलेल्या पेशींना ५० ने गुणायचे. एक पेशी चुकली की उत्तर पन्नासाने चुकते. खोलीची चूक तर डोळ्यांना दिसतही नाही. कव्हरस्लिपखाली धूळ अडकून ती ०.०१ मिलिमीटरने उचलली गेली, तर १४० ऐवजी सुमारे १५४ पेशी मिळतील आणि उत्तर ७,७०० येईल. साधी पातळ कव्हरस्लिप वाकते, म्हणून इथे जाड, सपाट काचच हवी. ती नीट बसली की कडेला इंद्रधनुषी कडी दिसतात. एका चौकोनात ५५ आणि शेजारच्यात २० पेशी निघाल्या, तर सरासरी काढण्यात अर्थ नाही. मिश्रण नीट ढवळलेले नाही, चेंबर धुऊन पुन्हा भरावे.

टर्कच्या द्रावणालाही एक मर्यादा आहे. नवजात बाळाच्या किंवा थॅलेसेमियाच्या रुग्णाच्या रक्तात केंद्रक असलेल्या कोवळ्या तांबड्या पेशी असू शकतात. त्यांचे केंद्रक ॲसिडने विरघळत नाही, त्यामुळे त्या पांढऱ्यांत मोजल्या जातात. मोजणी १८,००० आली आणि स्मिअरवर दर १०० पांढऱ्या पेशींमागे अशा २० दिसल्या, तर १८,००० ला १०० ने गुणून १२० ने भागावे लागते. खरा आकडा १५,०००. स्मिअर न पाहता दिलेल्या रिपोर्टवर मात्र १८,०००च छापले जाते.