टेबलावरच्या तारांचा बोर्ड होताना

गच्चीवरची टाकी भरली की पंप बंद करणारं एक सर्किट माझ्या टेबलावर तीन आठवडे बिनतक्रार चाललं होतं. बादलीत फ्लोट स्विच तरंगला की रिले ‘टक्’ करून सुटायचा, बादली रिकामी केली की पुन्हा ओढला जायचा. मग एके दिवशी कुणीतरी टेबल पुसलं आणि खेळ संपला. एक जंपर वायर अर्धवट बाहेर आली होती. ती कुठली, हे शोधायला पाऊण तास गेला.

ब्रेडबोर्ड असाच असतो. २.५४ मिलिमीटर अंतरावरची छिद्रं, प्रत्येकाखाली स्प्रिंगची क्लिप आणि त्या क्लिपेच्या भरवशावर उभं असलेलं सगळं सर्किट. कल्पना तपासायला याहून सोयीचं काही नाही, पण पंपाशेजारच्या दमट, थरथरणाऱ्या पेटीत ते आठवडाभरही टिकणार नाही. तिथे तांब्याच्या रेषा कोरलेला, सुटे भाग सोल्डर केलेला छापील बोर्ड, म्हणजे पीसीबी लागतो. आणि तो करायला घेतला की कळतं, की टेबलावर चालणाऱ्या सर्किटमधल्या बऱ्याच गोष्टी आपण जोडलेल्याच नव्हत्या. त्या आपोआप मिळत होत्या.

सुरुवात सर्किटच्या आकृतीपासून होते. मी ‘कायकॅड’ वापरतो. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या ज्याँ-पिएर शारास यांनी १९९२ साली सुरू केलेला हा प्रोग्रॅम मोफत आहे आणि पुढे त्याच्या विकासाला ‘सर्न’ या अणुसंशोधन संस्थेचाही हात लागला. त्यात मी टेबलावर दिसत होतं ते इमानदारीनं काढलं: आर्डुइनो ऊनो, तीन फ्लोट स्विच (वरच्या टाकीत दोन, खालच्या हौदात एक), बीसी५४७ ट्रान्झिस्टर, बारा व्होल्टचा रिले, त्याच्या कॉइलला समांतर उलटा जोडलेला १एन४००७ डायोड. एका तासात आकृती तयार झाली. ती निम्मीच होती.

कारण अख्खा ऊनो पेटीत बसवायचा नव्हता, त्यावरची एटीमेगा३२८पी ही अठ्ठावीस पायांची चिप तेवढी वापरायची होती. ऊनो तिची किती बडदास्त ठेवतो, हे ती सुटी घेतल्यावर समजतं. पाच व्होल्ट ऊनो देत होता; आता ७८०५ रेग्युलेटर आणि त्याचे कपॅसिटर आकृतीत काढायला हवेत. चिपला वीज पाय क्रमांक ७ आणि २० अशा दोन्ही ठिकाणी द्यावी लागते, ग्राउंड ८ आणि २२ ला. ‘अ‍ॅनालॉग भाग वापरतच नाही, मग २० कशाला’ असं वाटतं, पण तो मोकळा सोडायचा नसतो. रिसेटच्या पायाला १० किलोओहमचा रेझिस्टर हवा, नाहीतर पंप सुरू होताना उठणाऱ्या विजेच्या झटक्यानं चिप मधूनच पहिल्यापासून सुरू होते. आणि प्रोग्रॅम घालायला यूएसबीचं भोक आता नाही, म्हणून सहा पिनांचा छोटा कनेक्टर. तो विसरलात तर सेटिंगही बदलता येत नाही. बाजारातून आणलेली कोरी चिप १६ नव्हे, १ मेगाहर्ट्झच्या गतीनं चालते. दहा सेकंद थांबायला सांगितलेली चिप एकशे साठ सेकंद थांबली, तर दोष प्रोग्रॅममध्ये शोधू नका.

त्याहून गमतीची गोष्ट क्रिस्टलची. १६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलच्या दोन्ही पायांपासून ग्राउंडला २२ पिकोफॅरडचा एकेक कपॅसिटर लावतात. ब्रेडबोर्डवर सुटी चिप चालवून बघताना मी ते लावायला विसरलो होतो, तरी चिप चालत होती. ब्रेडबोर्डच्या शेजारशेजारच्या धातूपट्ट्याच एकमेकींशी मिळून काही पिकोफॅरडचे कपॅसिटर होतात, आणि तेवढ्यावर क्रिस्टलचं भागतं. छापील बोर्डावर त्या पट्ट्या नसतात. टेबलावर चाललं म्हणून आकृतीतही ते कपॅसिटर गाळले असते, तर पाचही बोर्ड कधी चालू, कधी बंद असे वागले असते.

फ्लोट स्विचचंही तसंच. टेबलावर वायर हातभर होती, त्यामुळे चिपच्या आतला क्षीण पुल-अप रेझिस्टर पुरायचा. गच्चीपर्यंतची वायर मात्र पंपाच्या केबलला लागून वर जाते आणि अँटेनासारखी वागते. म्हणून प्रत्येक स्विचला बाहेरून ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि चिपच्या तोंडाशी १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर दिला. मागाहून रिले थरथरायला लागल्यावर हे सुधारण्यापेक्षा आकृतीत दोन चिन्हं वाढवणं स्वस्त पडतं.

आकृती झाली की प्रोग्रॅम तिची विद्युत तपासणी करतो. सुटा राहिलेला पाय, एकमेकांना भिडलेले दोन आउटपुट, वीज न पोचलेली चिप हे त्याला दिसतं. काय दिसत नाही, ते पुढे येईलच.

मग प्रत्येक चिन्हाला फूटप्रिंट द्यायचा, म्हणजे तो भाग बोर्डावर किती जागा घेणार, त्याचे पाय कुठे पडणार आणि छिद्र केवढं, हे ठरवायचं. इथे पडद्यापेक्षा व्हर्नियर कॅलिपर जास्त उपयोगी. माझा नियम साधा आहे: आधी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून भाग विकत आणायचे, मोजायचे, मगच फूटप्रिंट निवडायचा. १एन४००७ चे पाय ०.८ मिलिमीटर जाडीचे. छोट्या डायोडच्या फूटप्रिंटमधलं ०.८ चं छिद्र त्याला पुरत नाही, १ मिलिमीटर तरी हवं. स्क्रू टर्मिनलच्या दोन पायांतलं अंतर कुठे ५ मिलिमीटर, कुठे ५.०८. दोन पायांना हा फरक जाणवत नाही, पण बारा पायांच्या पट्टीत शेवटच्या पायापर्यंत तो जवळजवळ एक मिलिमीटर होतो आणि पट्टी बसत नाही.

आता मांडणी. नवखा माणूस ट्रॅक ओढायला घाई करतो, पण खरं काम त्याआधी होतं: कुठला भाग कुठे ठेवायचा, ते. माझा पहिला प्रश्न होता रिलेचा, कारण त्याच्या संपर्कांवर घरातली २३० व्होल्टची वीज येणार होती. (पंप थेट या रिलेवर चालवला नाही. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि छोट्या रिलेचे संपर्क चिकटून बसतात. हा रिले फक्त काँटॅक्टरची कॉइल चालवतो, पंप काँटॅक्टर चालवतो. ती जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घेतली.)

बाजारात सर्रास मिळणारा निळा, चौकोनी रिले उलटा करून पाहा. त्याचा संपर्काचा सामाईक पाय कॉइलच्या दोन पायांच्या बरोबर मधोमध आहे. म्हणजे २३० व्होल्टच्या दोन्ही बाजूंना १२ व्होल्ट. पॅडची रुंदी वजा केली, तर मधे उरतं साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. मला सहा मिलिमीटर तरी हवे होते, कारण पेटीतला बोर्ड कोरडा आणि स्वच्छ राहील अशी खात्री नाही. धूळ आणि ओल जमली की बोर्डाच्या पृष्ठभागावरून वीज सरपटत जाते. तेव्हा एक उपाय म्हणजे पॅडच्या मधे बोर्डालाच आरपार चीर पाडायची. सरपटायला पृष्ठभागच उरत नाही. दुसरा उपाय लांबट रिलेचा, ज्यात कॉइलचे पाय एका टोकाला आणि संपर्कांचे दुसऱ्या टोकाला असतात. थोडा महाग पडतो. मी निळा रिले रद्द करून लांबट घेतला आणि तरीही एक चीर पाडलीच.

त्या बाजूला रिले आणि २३० व्होल्टची टर्मिनल, बाकी सगळं दुसऱ्या बाजूला. चिपच्या वीज आणि ग्राउंडच्या पायांना अगदी खेटून १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर. चिप काही नॅनोसेकंदांत एकदम करंट मागते. तो लांबच्या रेग्युलेटरकडून वेळेत येत नाही. नळाला पाणी असलं तरी मोरीत भरलेली बादली ठेवतोच ना, तसंच. क्रिस्टलही चिपला चिकटून. मग ट्रॅक: सिग्नलचे पाव मिलिमीटर रुंद, १२ व्होल्टचे एक मिलिमीटर. उरलेल्या जागेत खाली-वर ग्राउंडचं तांबं पसरलं. मात्र २३० व्होल्टच्या भागात ते अजिबात येऊ दिलं नाही. प्रोग्रॅम ते आपणहून सगळीकडे पसरवतो, तिथे अडवावं लागतं.

यानंतर मांडणीची तपासणी, आणि मग एक फुकटची, माझ्या मते सगळ्यात मोलाची पायरी. बोर्ड कागदावर मूळ मापात छापायचा, थर्मोकोलवर चिकटवायचा आणि खरे भाग टोचून बघायचे. माझा ७८०५ कपॅसिटरवर आपटत होता. पडद्यावर ते दिसलं नव्हतं.

कारखान्याला कायकॅडची फाइल जात नाही, गर्बर फाइल्स जातात. प्रत्येक थराची वेगळी: वरचं तांबं `F.Cu`, खालचं `B.Cu`, दोन्ही बाजूंचा हिरवा मास्क, वरची पांढरी छपाई, बोर्डाची कड `Edge.Cuts`, आणि छिद्रांची वेगळी `.drl` फाइल. चीरही `Edge.Cuts` मध्येच काढायची असते; पांढऱ्या छपाईत काढलीत, तर कारखाना तिथे सुरेख पांढरी रेघ छापून देतो. झिप करून पाठवण्याआधी त्या फाइल्स गर्बर व्ह्यूअरमध्ये पुन्हा उघडून पाहाव्यात. कारखान्याला दिसणार तेच तिथे दिसतं.

ऑर्डरचा फॉर्म भरायला पाच मिनिटं लागतात. दोन थर, एफआर४, १.६ मिलिमीटर जाडी, ३५ मायक्रॉन तांबं, शिशाविना एचएएसएल, हिरवा रंग, नग पाच. बोर्ड १०० बाय १०० मिलिमीटरच्या आत ठेवला की बरेच कारखाने सवलतीचा दर लावतात, त्यामुळे तीन मिलिमीटरसाठी भाग सरकवत बसण्यात अर्थ आहे. पांढऱ्या छपाईत आवृत्ती आणि तारीख घालायला विसरू नका. दुसरी खेप आली की कुठला बोर्ड कुठला, ते नुसतं बघून ओळखता येत नाही.

बोर्ड आले. चिप न बसवता वीज दिली, सॉकेटच्या ७ आणि ८ क्रमांकांच्या पायांत पाच व्होल्ट मोजले, मगच चिप घातली. दिवे लागले, फ्लोट ओळखले गेले, रिले मात्र ओढला जाईना. कॉइलवर बाराऐवजी निम्म्याहून कमी व्होल्टेज मिळत होतं. दोष ट्रान्झिस्टरचा होता. बीसी५४७ चा सपाट चेहरा आपल्याकडे धरला की पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. मी आकृतीत घेतलेल्या सर्वसाधारण चिन्हाचा क्रम होता एमिटर, बेस, कलेक्टर. उलटा बसलेला ट्रान्झिस्टर साफ बंद पडत नाही, जेमतेम चालतो, म्हणून फसवतो. दोन्ही तपासण्यांना हे कळणं शक्य नव्हतं, कारण बोर्ड आकृतीबरहुकूम होता आणि आकृती चुकीची असली तरी तिच्यात विसंगती नव्हती. ब्रेडबोर्डवर मात्र तोच ट्रान्झिस्टर मी हातानं, पाय बघून, बरोबर लावला होता.

बेस दोन्ही क्रमांत मधेच असल्यामुळे नवा बोर्ड मागवावा लागला नाही. पेटीतल्या बोर्डावर ‘आवृत्ती १.०’ असं छापलेलं आहे आणि त्यावरचा ट्रान्झिस्टर छापलेल्या खुणेच्या उलट तोंडानं बसवलेला आहे.