मोटारीला एकच नंबर ठाऊक: दोन सिमच्या फोनबद्दलचे गैरसमज

बारामती-इंदापूर पट्ट्यात एका फोनमध्ये दोन सिम असणं आता नेहमीचंच झालं आहे. जुना नंबर बँकेला, कारखान्याला, दूध संघाला दिलेला असतो आणि दुसरा स्वस्त नेटसाठी घेतलेला. अडचण येते ती फोन बदलल्यावर. नव्या फोनमधला मेनू वेगळा असतो, दुकानदार घाईत काहीतरी दाबून देतो आणि मग विहिरीवरची मोटार चालू होत नाही किंवा पैसे पाठवायचं ॲप अडून बसतं. त्यामागे बहुतेक वेळा पुढच्यापैकी एखादा गैरसमज असतो.

गैरसमज: पहिल्या स्लॉटमधलं कार्ड हेच मुख्य कार्ड.

वस्तुस्थिती: हे एके काळी खरं होतं. 2016 मध्ये जिओ आलं तेव्हा अनेक फोनांत 4जी एकाच स्लॉटला मिळायचं आणि दुसरा स्लॉट 2जीवर चालायचा. जिओला 2जी नेटवर्कच नाही, त्यामुळे ते कार्ड ठरावीक स्लॉटमध्येच घालावं लागे. आताच्या बहुतेक फोनांत दोन्ही स्लॉट 4जी किंवा 5जी चालवतात. मुख्य कोणतं हे कार्डाच्या जागेवर ठरत नाही, सेटिंगमध्ये ठरतं. मात्र दुकानात कार्डांची अदलाबदल झाली असेल, तर ‘सिम 1’ म्हणजे आपला कोणता नंबर हे आधी पाहून घ्यावं. सेटिंगमध्येच सिमला नाव देता येतं. ‘बँक’ आणि ‘नेट’ अशी नावं दिली की पुढचा गोंधळ निम्मा होतो.

गैरसमज: एकदा डिफॉल्ट सिम ठरवलं की सगळं त्याच सिमवरून जातं.

वस्तुस्थिती: डिफॉल्ट एक नसतं, तीन असतात: कॉल, मेसेज आणि मोबाईल डेटा. एक बदललं म्हणून बाकीची दोन आपोआप बदलतीलच असं नाही. मेनूची नावं कंपनीगणिक वेगळी असतात. सॅमसंगमध्ये Settings, मग Connections, मग SIM manager. साध्या अँड्रॉइडमध्ये Network & internet आणि त्यात SIMs. शाओमीमध्ये SIM cards & mobile networks. हे लक्षात ठेवण्याची गरज नाही. सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत `sim` असं टाइप केलं की योग्य पान सापडतं. त्या पानावर Calls, Messages किंवा SMS, आणि Mobile data अशा अर्थाच्या ओळी शोधायच्या आणि प्रत्येकीसमोर कोणतं सिम आहे ते वाचायचं. कॉलच्या ओळीत बहुधा Ask every time किंवा Always ask असा पर्यायही असतो. तो निवडला की फोन प्रत्येक कॉलला ‘कोणत्या सिमवरून?’ असं विचारतो.

गैरसमज: फोन कोणत्याही सिमवरून लावला तरी काम होतंच.

वस्तुस्थिती: माणसाला लावला तर होतं, यंत्राला लावला तर नाही. समजा, उजनीच्या काठाला पळसदेवच्या एका शेतकऱ्याने मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवला आहे. स्टार्टरमध्ये स्वतःचं सिम असतं. रात्रीची लाईट आली की घरूनच त्याला रिंग द्यायची आणि मोटार चालू. पण असे बरेच स्टार्टर फक्त नोंदवलेल्या नंबरचाच कॉल मानतात, नाहीतर कोणीही आपली मोटार चालू-बंद करेल. नोंद जुन्या नंबराची आहे. नव्या फोनमध्ये कॉलसाठी नेटचं सिम ठरवलं गेलं. आता रिंग जाते, पण मोटार हलत नाही. शेतकऱ्याला वाटतं स्टार्टर बिघडला किंवा फेज गेला.

मेकॅनिकला बोलावण्याआधी फोनमधली कॉलची यादी उघडावी. त्या कॉलच्या नोंदीशेजारी 1 किंवा 2 असा आकडा किंवा सिमचं नाव दिसतं. ते चुकीचं असेल तर दोष स्टार्टरचा नाही. उपाय दोन आहेत. कॉलचं डिफॉल्ट जुन्या नंबरावर आणावं, किंवा स्टार्टरमध्ये सोय असेल तर दुसरा नंबरही नोंदवून घ्यावा. घरातल्या आणखी कुणाला मोटार चालवायची असेल तर दुसरा मार्ग सोयीचा.

यात एक छुपी अडचण आहे. Ask every time असताना कधीतरी ‘या नंबरासाठी हेच सिम लक्षात ठेव’ अशा चौकटीवर टिक झालेली असते. मग डिफॉल्ट बदललं तरी त्या एकाच नंबराला कॉल जुन्या निवडीनेच जात राहतो. सेटिंग बरोबर दिसतं आणि मोटार मात्र चालत नाही. अशा वेळी कॉन्टॅक्टमध्ये जाऊन ती निवड काढावी लागते. महावितरणला वीज गेल्याचा मिस्ड कॉल देताना हीच काळजी घ्यायची, कारण तिथेही ग्राहक ओळखला जातो तो नोंदवलेल्या नंबरावरून.

गैरसमज: यूपीआयसाठी बँकेच्या नंबराचंच नेट चालू असलं पाहिजे.

वस्तुस्थिती: नेट कोणत्याही सिमचं चालतं, घरातलं वायफायसुद्धा चालतं. बँकेचं सिम लागतं ते मेसेजसाठी. ॲप नव्या फोनमध्ये सुरू करताना फोनमधून एक एसएमएस आपोआप पाठवला जातो आणि तो बँकेत नोंदवलेल्या नंबरावरूनच जावा लागतो. ॲपने ‘सिम 1 की सिम 2’ विचारलं तर बँकेचं सिम निवडावं. विचारलंच नाही तर मेसेजचं डिफॉल्ट त्या सिमवर ठेवून पुन्हा प्रयत्न करावा.

तरीही अडलं तर आधी त्या सिमवरून घरातल्याच एखाद्या नंबराला साधा मेसेज पाठवून पाहावा. तो गेला नाही तर ॲपला दोष देण्यात अर्थ नाही. रिचार्ज संपलेला असतो किंवा प्लॅनमध्ये एसएमएस नसतात आणि बॅलन्सही नसतो. सिम हरवून त्याच नंबराचं नवं कार्ड घेतलं असेल तर सुरक्षेसाठी पहिले 24 तास एसएमएस बंद ठेवलेले असतात. तेवढं थांबावंच लागतं.

गैरसमज: डिफॉल्ट नसलेल्या सिमवर फोन आणि ओटीपी येत नाहीत.

वस्तुस्थिती: डिफॉल्टचा संबंध फक्त बाहेर जाणाऱ्या गोष्टींशी आहे. दोन्ही सिम चालू आणि रिचार्ज केलेली असतील तर कॉल आणि ओटीपी दोन्हींवर येतात. अडचण येते ती बोलणं चालू असताना. बहुतेक फोनांत दोन्ही सिम एकाच रेडिओवर चालतात. त्यामुळे एका सिमवर बोलत असताना दुसऱ्या नंबरावर फोन करणाऱ्याला आपला फोन बंद असल्याचं ऐकू येऊ शकतं. त्याच कारणाने डेटा ज्या सिमवर नाही त्या सिमवरून बोलताना नेट थांबतं. काही फोनांत कॉलच्या वेळी दुसऱ्या सिमचा डेटा वापरण्याची सोय असते. ती चालू केल्यावर थोडा वेळ दुसऱ्या सिमचा डेटाही खर्च होतो, त्यामुळे त्या सिमवर डेटा पॅक आहे ना हे पाहून घ्यावं.

म्हणून तिन्ही निवडी वेगवेगळ्या कसोटीवर कराव्यात. कॉल आणि मेसेजसाठी ते सिम, ज्याच्या नंबराने बँक आणि स्टार्टर आपल्याला ओळखतात. डेटासाठी ते, ज्याची रेंज आपल्या वस्तीवर चांगली येते. बारामती शहरात पळणारं नेट भिगवणच्या काठावर तसंच पळेल असं धरू नये. फोन घरी आणला की त्याच दिवशी मोटारीला एक रिंग आणि घरच्यांना एक मेसेज द्यावा, म्हणजे काय चुकलंय ते लाईट येण्याआधीच कळतं.