"काही लागलं तर सांग" म्हणण्याऐवजी

कुणाच्या घरी दुःखाचा प्रसंग घडला की आपण भेटायला जातो. थोडा वेळ बसतो, उठताना तिच्या हातावर हात ठेवतो आणि म्हणतो, "काही लागलं तर सांग हं." म्हणताना मन खरंच भरून आलेलं असतं. तरीही त्या वाक्यानंतर तिच्या घरातलं एकही काम हललेलं नसतं.

मीही असंच म्हटलं होतं. आमच्या एका गटातल्या मुलीचा नवरा अचानक गेला. दहाव्याला गेले तेव्हा मी तिला म्हटलं, "रात्री-अपरात्री कधीही फोन कर." ती "हो ताई" म्हणाली. महिन्याभरानं कळलं की तिनं दुभती म्हैस आलेल्या पहिल्या व्यापाऱ्याला पडेल त्या भावात देऊन टाकली. धारा ती स्वतःच काढायची, पण दूध डेअरीत घालायला आणि वैरण आणायला नवरा जायचा. गेल्या वर्षी गटाच्या कर्जातून घेतलेली म्हैस गेली, कर्ज मात्र राहिलं. मी तिला विचारलं, "मला फोन का नाही केलास गं?" ती म्हणाली, "ताई, फोनचा रिचार्ज संपला होता. तो तेच मारायचे."

त्या दिवसापासून मी हे वाक्य सोडून दिलं.

ती का सांगत नाही, ते तिच्या जागी बसून बघा. सांगायचं तर आधी आपल्याला काय लागतंय हे तिला ठरवावं लागणार. मग ते कुणाला सांगायचं, कुणाला वेळ असेल, कुणाच्या नवऱ्याला चालेल, हेही तिनंच शोधायचं. वर तोंड उघडून मागायचं. सासू शेजारी बसलेली असताना मागितलं तर "आमच्यात कुणी मेलेत का?" असा अर्थ निघतो. म्हणजे मदत आपण देतोय असं आपल्याला वाटतं, पण निम्मं काम आपण तिच्याच डोक्यावर ठेवून आलेलो असतो.

खरं तर आपल्या चालीरीतींना हे ठाऊक आहे. ज्या घरी मयत झाली तिथं चूल पेटत नाही, म्हणून शेजारचे आणि भावकीतले पिठलं-भाकरी घेऊन जातात. "भाकरी लागली तर सांगा" असं तिथं कुणी म्हणतं का? टोपली घेऊन सरळ जातात. अडचण पुढे येते. तेरावा झाला, पाहुणे गेले, की ही रीत संपते. त्या माणसाच्या वाट्याची कामं मात्र चौदाव्या दिवशी पहाटेच दारात उभी राहतात.

म्हणून जायच्या आधी एकच गोष्ट करायची. गेलेला माणूस रोज काय काय करत होता, ते आठवायचं. सकाळ-संध्याकाळ दूध घालणं, वैरण, रात्रीच्या पाळीला लाईट आली की मोटर चालू करणं, गॅसची टाकी, आठवड्याचा बाजार, पोराला शाळेच्या गाडीपर्यंत सोडणं, रिचार्ज. यातलं एक, फक्त एकच काम निवडायचं, जे आपल्याच्यानं नक्की होईल. मग सांगताना काम कोणतं, किती वाजता आणि कधीपर्यंत, हे तिन्ही बोलायचं.

"अक्का, उद्यापासून अमावास्येपर्यंत सकाळचं दूध मी घालते. मी सहाला आमचं घेऊन निघतेच. तुमची किटली ओट्यावर ठेवा, येताना पावती तिथंच ठेवीन. आत येणार नाही, तुम्ही उठायची गरज नाही."

यातलं "अमावास्येपर्यंत" फार कामाचं आहे. मुदत सांगितली की तिला उपकाराचं ओझं कमी वाटतं, आणि आपल्यालाही चार दिवसांनी टाळाटाळ करावी लागत नाही. "मी निघतेच" हेही तसंच. मात्र ते खरं असेल तरच म्हणा. तिच्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करत असाल तर तसं सांगा, खोटं बोलू नका. गावात ते दुसऱ्या दिवशी कळतंच.

"करू का?" असं विचारलं की तोंडातून "नको" निघतं, ती आपली सवयच आहे. म्हणून दोनांतलं एक निवडायला द्यायचं: "वैरणीचा भारा सकाळी टाकू का संध्याकाळी?" तरीही ती नको म्हणाली तर एकदाच, आणखी लहान करून विचारा: "बरं, वैरण राहू दे. गुरुवारच्या बाजारातून तेल-मीठ आणते, चिठ्ठी पोराजवळ देऊन ठेवा." त्यावरही नको आलं तर थांबा. एखादीला खरंच एकटीनं करायचं असतं.

धार काढण्याचं काम मात्र विचार न करता अंगावर घेऊ नका. अनोळखी हाताला म्हैस पान्हा चोरते, दूध कासेत राहतं आणि कास सुजते. मग मदत राहते बाजूला, दवाखान्याचा खर्च वाढतो. त्यापेक्षा धार तिनं काढावी, आपण दूध घालावं.

मागच्या वर्षी दुसऱ्या एका गटात असाच प्रसंग आला. एका अक्कांचे मालक शहरातल्या दवाखान्यात गेले. या वेळी दहा जणी बैठकीला बसलो, तेव्हा वहीच्या एका पानावर कामं लिहिली आणि प्रत्येकीनं एक घेतलं. दूध दोघींनी, शाळेची गाडी एकीनं, रिचार्ज माझ्याकडे. मी अक्कांना म्हटलं, "तुमच्या नंबरवर आज रिचार्ज मारलाय, 28 दिवस चालेल. पैसे सावकाश द्या." जवळ राहणारीनं बाजार घेतला. एक जण म्हणाली, "मला काहीच जमणार नाही, माझी लेक बाळंतपणाला आलीय." तिचं नाव आम्ही लिहिलं नाही. ते बरंच झालं. हो म्हणून न येणाऱ्या बाईमुळं जास्त त्रास होतो, कारण तिच्या भरवशावर किटली ओट्यावर राहते आणि दूध नासतं.

कागदांचं काम सगळ्यात नाजूक असतं. दुःखात कागदाचं काढलं तर "पैशावर डोळा आहे" असं वाटू शकतं. पण एका कामाला थांबून चालत नाही, ते म्हणजे मृत्यूची नोंद. ती 21 दिवसांच्या आत करायची असते. त्यानंतर विलंब शुल्क लागतं, आणि महिना उलटला की वरच्या अधिकाऱ्याची परवानगी आणायला फेऱ्या होतात. मृत्यू घरी झाला तर नोंद ग्रामपंचायतीत होते. दवाखान्यात झाला तर तो दवाखाना जिथं आहे तिथल्या कार्यालयात होते. अक्कांचे दीर आपल्याच ग्रामपंचायतीत दोनदा जाऊन परत आले होते, कारण नोंद शहरातल्या पालिकेत होती.

हे बोलणं मी अक्कांशी केलं नाही, त्यांच्या सासूबाईंशी आणि दिरांशी केलं. त्या अजून घराबाहेर पडत नव्हत्या. मी म्हटलं, "मावशी, भाऊंच्या मृत्यूचा दाखला शहरातल्या पालिकेत मिळेल. सोमवारी सकाळच्या एसटीनं दादा जाणार असतील तर मी सोबत येते. दवाखान्यानं दिलेला कागद आणि भाऊंचं आधार तेवढं काढून ठेवा. पाच-सहा प्रती घेऊ, सगळीकडे लागतात." जाणार कोण, हे त्यांच्या घरानं ठरवलं. मी वेळ आणि कागद तेवढे सांगितले.

तेराव्यानंतर दुसरं काम काढलं. "अक्का, भाऊंचं बँकेचं पासबुक सापडलं का? शुक्रवारी अकरा वाजता आपण दोघी बँकेत जाऊन ते भरून घेऊ. मे महिन्याच्या शेवटी 436 रुपये कापलेत का, एवढंच बघायचंय." बऱ्याच जणींना माहीत नसतं की हे 436 रुपये प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता असतो. तो कापला गेला असेल तर मृत्यू कशानंही झाला तरी वारसदार म्हणून नाव असलेल्या व्यक्तीला 2 लाख रुपये मिळतात. नवीनच विमा घेतला असेल तर मात्र पहिल्या 30 दिवसांत अपघात सोडून दुसऱ्या कारणानं झालेल्या मृत्यूला पैसे मिळत नाहीत. 20 रुपये कापलेले दिसले तर तो सुरक्षा विमा, तो फक्त अपघाताचा. अर्ज त्याच बँकेत मिळतो आणि होईल तितक्या लवकर, शक्यतो महिन्याच्या आत द्यायचा असतो. मेमध्ये खात्यात पैसे नसले तर हप्ता कापला जात नाही आणि विमा बंद पडतो. वयाच्या 55 वर्षांनंतर जीवन ज्योतीचा विमा राहत नाही. म्हणून "तुम्हाला दोन लाख मिळतील" असं कधीही म्हणू नका. "बघून येऊ" एवढंच म्हणा.

बँकेत तिच्या शेजारी बसा, पण पासबुक तिच्याच हातात राहू द्या. एटीएमचा पिन, मोबाईलवर आलेला ओटीपी, कोऱ्या कागदावर अंगठा, यांतलं काही मागायचं नाही. मागणारी कितीही जवळची असली तरी हे मदतीत बसत नाही.

गटाच्या हप्त्याबद्दलही जिभेवर ताबा हवा. "हप्त्याची काळजी करू नकोस" असं एकटीनं म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. कर्ज माफ झालं असं तिला वाटतं आणि पुढे भांडण होतं. आधी बैठकीत ठराव करा, मग नेमकं सांगा: "अक्का, गटानं तुमचे दोन हप्ते पुढे ढकललेत. पुढचा हप्ता पाडव्यानंतरच्या बैठकीत. कर्ज तेवढंच आहे, दंड लागणार नाही."

आपली मदत जड होतेय का, हेही ओळखता येतं. तुम्ही जायच्या आत ती लगबगीनं अंगण झाडून, भांडी घासून ठेवत असेल, तर तिला मदतनीस नाही, पाहुणी येतेय असं वाटतंय. तेव्हा दारातूनच काम करा, चहाला बसू नका. आणि तिच्या घरातलं काही पाहिलं असेल तर ते विहिरीवर बोलू नका. एकीनं डब्यात पीठ नसल्याचं बाहेर सांगितलं, दुसऱ्या दिवशी अक्कांनी दार लावून घेतलं. ते उघडायला आठवडा गेला.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी सांगायला विसरू नका. दूध घालणारी अक्कांना म्हणाली, "उद्या अमावास्या, माझा शेवटचा दिवस. परवापासून कसं करायचं? अजून आठ दिवस घालू, का पोराला वाट दाखवू?" अक्का जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मलाच दाखव. डेअरीत फॅट कसं बघतात ते मी कधी बघितलंच नाही." परवापासून दोघी सहा वाजता बरोबर निघाल्या.