लाल डागापासून हाडापर्यंत: बेडसोअरचे फोटो कसे वाचावेत

घरातलं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की काही दिवसांतच घरच्यांच्या मोबाइलमध्ये एक फोटो येतो. कमरेखाली, माकडहाडाच्या वर, रुपयाएवढा डाग. तो पुण्याला नोकरीवर असलेल्या मुलाला जातो, ओळखीच्या डॉक्टरांना जातो आणि सगळ्यांना एकच विचारलं जातं, की हे काळजीचं आहे का. फोटोवरून याचं अर्धंच उत्तर मिळतं. कॅमेऱ्याला कातडी दिसते. बेडसोअरची सुरुवात मात्र अनेकदा कातडीच्या खाली, हाडाला टेकलेल्या मांसात होते. त्यामुळे फोटो काढण्याआधी त्या जागेला हात लावून बघणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

समजा, नरसी नामदेवमधलं एक घर आहे. 78 वर्षांच्या आजी दुपारी न्हाणीत घसरून पडल्या. घरचे शेतात होते, ते संध्याकाळी परतेपर्यंत आजी फरशीवर उताण्या पडून होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं निघालं, ऑपरेशन झालं, टाके सुकले आणि आजी घरी आल्या. दुखतं म्हणून त्या कूस बदलायला तयार नाहीत. उन्हाळा आहे, पारा चाळिशीच्या वर आहे, गादीवर मेणकापड आहे आणि त्यावर पाठ घामाने भिजते. एका सकाळी अंग पुसताना सुनेला माकडहाडावर लाली दिसते.

इथे तिने त्या लालीवर बोटाने तीन-चार सेकंद दाबावं आणि बोट उचलावं. जागा पांढरट होऊन पुन्हा लाल झाली, तर तिथलं रक्त अजून फिरतं आहे. अशा वेळी आजींना कुशीवर घेऊन अर्ध्या तासाने परत पाहायचं. बहुतेक वेळा लाली ओसरलेली असते. पण दाबूनही जागा लालच राहिली, तर ती बेडसोअरची पहिली पायरी आहे. कातडी अखंड असली तरी आतल्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा झालेली असते.

पुस्तकांतले आणि इंटरनेटवरचे फोटो बहुधा गोऱ्या कातडीचे असतात. आपल्याकडच्या सावळ्या, उन्हाने रापलेल्या अंगावर ती लाली लाल दिसतेच असं नाही. ती जांभळट, तपकिरी, कधी फक्त आजूबाजूपेक्षा थोडी गडद दिसते आणि बोटाने दाबल्यावर पांढरी पडलेलीही कळत नाही. म्हणून हाताची मागची बाजू तिथे टेकवून पाहावी. जागा शेजारच्या कातडीपेक्षा गरम किंवा गार आहे का, कडक किंवा पिचपिचीत लागते का, हात लावला की आजी कळवळतात का, हे तपासावं. या खुणा फोटोत येत नाहीत, तेव्हा त्या फोटोसोबत लिहून पाठवाव्यात.

अशा जागी तेल लावून चोळायची आपल्याकडे सवय आहे. ती प्रेमापोटी असते, पण चोळल्याने आत दुखावलेलं मांस आणखी फाटतं. त्या जागेला फक्त भार हटवून हवा असतो. दर दोन तासांनी कूस बदलावी, मात्र आजींना अगदी काटकोनात कुशीवर झोपवू नये, कारण मग सगळं वजन खुब्याच्या टोकावर येतं. पाठीमागे उशी लावून तीसेक अंश कलतं ठेवलं की भार मांसल भागावर पसरतो. पोटऱ्यांखाली उशी अशी द्यावी की टाचा गादीला टेकणारच नाहीत. ऑपरेशन झालेल्या बाजूवर कितपत वळवायचं, हे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. बसायला मधे भोक असलेली रबरी रिंग काहीजण आणतात, ती नको. रिंगच्या कडेने आवळलं गेल्यामुळे मधल्या भागाचा रक्तपुरवठा आणखी कमी होतो.

दुसऱ्या पायरीत कातडीचा वरचा थर गेलेला असतो. फोटोत उथळ, ओलसर, गुलाबी-लाल खरचटल्यासारखी जागा दिसते, नाहीतर पाण्याने भरलेला अखंड फोड. या जखमेत पिवळं काही नसतं आणि खड्डाही नसतो. डायपरमुळे, लघवीच्या ओलीने सोललेली कातडीही फोटोत अशीच दिसते. ओलीची जखम कुल्ल्यांच्या घडीत आणि जांघेत पसरते, तिच्या कडा अस्पष्ट असतात. दाबाची जखम हाडाच्या बरोबर वर असते आणि तिची कड समजते. म्हणून जवळच्या फोटोबरोबर एक लांबून काढलेला फोटोही लागतो. त्याशिवाय जखम हाडावर आहे की घडीत, हे पाहणाऱ्याला कळणार नाही. दोन्ही प्रकार एकाच जागी असू शकतात, तेव्हा कूस बदलणं आणि कोरडं ठेवणं दोन्ही करावं.

तिसऱ्या पायरीत कातडीची पूर्ण जाडी जाते. खड्डा पडतो, तळाशी पिवळसर चरबी दिसते. बऱ्याचदा तिथे पिवळा-राखाडी चिकट थर असतो, तो मेलेल्या मांसाचा. चौथ्या पायरीत स्नायू, शिरेसारखा पांढरा कंडरा किंवा हाडच उघडं पडतं. या दोन पायऱ्यांचे फोटो पाहणाऱ्याला फसवतात. दाबाचा जोर हाडाजवळ सर्वांत जास्त असतो आणि कातडीपेक्षा मांस लवकर मरतं. म्हणून वर लिंबाएवढं तोंड दिसतं आणि आत कडांखाली जखम हाताच्या पंज्याएवढी पसरलेली असू शकते. नर्स निर्जंतुक कापसाची काडी कडेखाली घालून ही पोकळी मोजते. घरी ते करू नये. पण भोकातून येणारं पाणी वरच्या जखमेच्या मानाने फार जास्त असेल, पट्टी सारखी भिजत असेल, तर आत पोकळी आहे असं धरून चालावं.

काही फोटोंना पायरीच देता येत नाही. पिवळ्या थराने किंवा काळ्या खपलीने तळ झाकला असेल, तर खाली किती खोल गेलंय ते कुणालाच सांगता येत नाही. ती खपली घरी ओढू नये. टाचेवरची कोरडी, घट्ट चिकटलेली, आजूबाजूला लाली नसलेली काळी खपली तर डॉक्टरही बहुधा तशीच राहू देतात. ती खालच्या भागाचं आवरण म्हणून काम करत असते. तीच खपली ओली झाली, हलायला लागली, कडेला लाली किंवा पू दिसला, तर मात्र त्याच दिवशी दाखवावी.

आता परत आपल्या आजींकडे. समजा, लालीऐवजी पडल्यावर दोन-तीन दिवसांनीच त्यांच्या माकडहाडावर जांभळा डाग उमटला. कातडी शाबूत, डाग मुका मार लागल्यासारखा. पडल्याच होत्या, म्हणून घरच्यांनी तो मार समजून सोडून दिला. सगळ्या फोटोंमध्ये मला सर्वांत भीती वाटते ती याचीच. फरशीवर तासन्‌तास भार पडला तेव्हाच आतलं मांस मेलेलं असतं, ते वर दिसायला साधारण 48 ते 72 तास लागतात. मग तो डाग गडद होतो, त्यावर रक्ताचा फोड येतो आणि काही दिवसांत कातडी फुटून थेट तिसऱ्या किंवा चौथ्या पायरीची जखम समोर येते. घरच्यांना वाटतं, काल काही नव्हतं आणि एका रात्रीत एवढा खड्डा कसा पडला. म्हणजे या पायऱ्या एकामागून एक चढल्या जातात असं नाही. पडून राहिलेल्या, लांबलेलं ऑपरेशन झालेल्या किंवा बराच काळ बेशुद्ध असलेल्या माणसाच्या हाडावर जांभळा डाग दिसला, तर त्या जागेवर भार मुळीच येऊ देऊ नये, रोज पाहावं आणि डॉक्टरांना तो माणूस कसा आणि किती वेळ पडून होता, हे सांगावं.

फोटो काढायचा तो दिवसाउजेडी, खिडकीपाशी. पिवळ्या बल्बखाली निरोगी मांसही पिवळं वाटतं आणि फ्लॅशमध्ये ओली जखम चकाकून तळ दिसेनासा होतो. आधी जुनी पट्टी काढून जखम धुवावी, नाहीतर फोटो मलमाचा येतो. धुवायला सलाइनची बाटली उत्तम. ती नसेल तर एक लिटर पाणी उकळून, त्यात साधारण दीड सपाट चमचा मीठ घालून, निवलेलं वापरावं आणि रोज ताजं करावं. हळद, राख, डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेत घालू नये. त्याने नव्याने येणाऱ्या मांसाला इजा होऊ शकते आणि खरा रंगही झाकला जातो.

आजींना दर वेळी त्याच कुशीवर ठेवावं, कारण उताणं-कुशीवर बदललं की कातडी ताणली जाऊन जखमेचा आकार बदलतो. मोबाइल जखमेच्या समोर, एका फुटावर धरावा. शेजारी कागदाची सेंटिमीटर पट्टी ठेवावी आणि त्यावर तारीख लिहावी. डोक्याकडून पायाकडे लांबी आणि त्याला आडवी रुंदी मोजावी. आठवड्यातून एक फोटो पुरतो, मधे काही बदललं तर जास्तीचा. रोज फोटो पाहिला की फरकच कळत नाही. आधी आजींना विचारावं, चेहरा येऊ देऊ नये आणि हा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नये. गावातल्या आशाताई किंवा नर्स यांना दाखवावा, नाहीतर सरकारच्या ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलताना पाठवावा.

आता त्या आजींचे पाच आठवड्यांचे फोटो समोर ठेवू. पहिल्यात जखम चार बाय तीन सेंटिमीटर, तळ निम्मा पिवळा. दुसऱ्यात आकार तितकाच, उलट थोडा मोठा, पण पिवळं कमी झालंय. इथे घरचे घाबरतात, खरं तर मेलेलं मांस निघून गेल्यामुळे जखम मोठी वाटते आहे. तिसऱ्यात तळ गाजरासारखा लाल आणि दाणेदार. चौथ्यात कडेने फिकट गुलाबी कातडी आत सरकताना दिसते. पाचव्यात जखम तीन बाय दोन. हे बरं होण्याचं चित्र आहे. याच्या उलट, दोन आठवड्यांत तळाचा रंगही बदलला नाही आणि आकारही घटला नाही, तर औषध बदलण्याआधी भार खरंच हटतो का ते पाहावं. आजी हवेच्या गादीवर असतील, तर त्या गादीखाली, माकडहाडाच्या बरोबर खाली, तळहात सरकवावा. तिथे हाताला हाड लागलं, मधे हवेचा निदान इंचभर थर जाणवला नाही, तर ती गादी बसलेली आहे. लाइट गेल्यावर हवा उतरते, हेही ध्यानात ठेवावं. त्याबरोबर खाणंही तपासावं. 45 किलोच्या आजींना दिवसाला साधारण 55 ते 65 ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि पेज-भातावर ती भरून येत नाहीत. दूध, अंडी, घट्ट वरण, शेंगदाण्याचं कूट वाढवावं लागतं. किडनीचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

आठवड्याच्या फोटोची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा, अशाही काही खुणा आहेत: ताप, जखमेभोवती पसरत जाणारी लाली, नवा घाण वास, पू, उघडं हाड, किंवा नीट बोलणारी, माणसं ओळखणारी आजी अचानक गुंगीत जाणं किंवा बरळायला लागणं. म्हाताऱ्या माणसाला रक्तापर्यंत गेलेल्या जंतुसंसर्गातही कधी ताप येत नाही, त्यामुळे शेवटची खूण तापापेक्षा आधी दिसू शकते.

चौथ्या पायरीची जखम भरली तरी डॉक्टर कागदावर 'भरलेली चौथी पायरी' असंच लिहितात, तिला पहिली किंवा दुसरी म्हणत नाहीत. गेलेलं मांस आणि चरबी परत येत नाही, ती जागा व्रणाच्या पेशींनी भरते, आणि तो व्रण मूळ कातडीइतका मजबूत कधीच होत नाही. म्हणून आजी खुर्चीत बसायला लागल्या की पहिले काही आठवडे बसण्याची वेळ थोडी थोडी वाढवावी आणि प्रत्येक वेळी उठवल्यावर त्या जुन्या व्रणावर बोट दाबून पाहावं.