विश्लेषण : सोनोग्राफीत ‘पीसीओडी’ आले, पण ओटीपोट का दुखते?

पाळी दोन-दोन महिने लांबते, मध्येच ओटीपोटात दुखते, म्हणून सोनोग्राफी होते. अहवालात ‘दोन्ही ओव्हरीज पॉलिसिस्टिक’ असे लिहून येते आणि दोन्ही तक्रारींचे कारण सापडले, असे घरचे धरून चालतात. हा निष्कर्ष कितपत बरोबर?

अहवालातील ‘सिस्ट’ म्हणजे गाठी का?

नाही. अंडाशयात दर महिन्याला काही बीजपुटिका, म्हणजे फॉलिकल, वाढू लागतात. त्यातील एक मोठी होऊन फुटते आणि बीज बाहेर पडते. हे नियमित होत नसेल, तर अर्धवट वाढलेल्या पुटिका तशाच राहतात. सोनोग्राफीत दिसतात त्या या पुटिका, साधारण २ ते ९ मिलिमीटरच्या. त्या शस्त्रक्रियेने काढायच्या गाठी नव्हेत.

अहवालातील आकडे कसे वाचायचे?

समजा, सरावलीत राहणारी, तारापूर एमआयडीसीत कामाला जाणारी २३ वर्षांची अविवाहित तरुणी आहे. पाळी तेराव्या वर्षी सुरू झाली. गेल्या वर्षभरात ती सहाच वेळा आली. बोईसरला तिची सोनोग्राफी मूत्राशय भरलेले असताना पोटावरून झाली. उजव्या अंडाशयाचे माप ३.८ × २.६ × २.४ सेंटिमीटर. या तिन्हींचा गुणाकार करून त्याला ०.५२ ने गुणले की आकारमान येते सुमारे १२ मिलिलिटर. डाव्याचे तसेच काढले तर सुमारे ९. एका जरी अंडाशयाचे आकारमान १० किंवा त्याहून अधिक असले, तरी ते ‘पॉलिसिस्टिक’ मानले जाते.

योनिमार्गातून केलेल्या आधुनिक तपासणीत एका अंडाशयात २० किंवा अधिक पुटिका हा निकष असतो. पोटावरून तेवढी खात्रीशीर मोजणी होत नाही, म्हणून इथे आकारमान महत्त्वाचे. त्या दिवशी एखादी पुटिका १० मिलिमीटरहून मोठी असेल, तर तिच्यामुळेही आकारमान वाढते. अशा वेळी तपासणी पुढच्या पाळीनंतर पुन्हा करतात.

मग निदान पक्के झाले का?

एवढ्यावर नाही. रॉटरडॅम निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी लागतात : अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचा अतिरेक (चेहऱ्यावर, छातीवर राठ केस किंवा रक्तात वाढलेले प्रमाण) आणि सोनोग्राफीतील चित्र. या तरुणीत पहिली आणि तिसरी गोष्ट आहे. तरीही गर्भधारणा, थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि अधिवृक्क ग्रंथीचे विकार आधी वगळावे लागतात. पहिल्या दोन गोष्टी स्पष्ट असतील, तर निदानासाठी सोनोग्राफीची गरजच नसते. पाळी सुरू होऊन आठ वर्षे झालेली नसतील, तर निदानासाठी तिचा आधार घेऊ नये, असे २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. त्या वयात असे अंडाशय निरोगी मुलींमध्येही सर्रास दिसतात.

निकष बदलला की चित्र किती बदलते? मुंबईत १५ ते २४ वयाच्या मुलींचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रॉटरडॅम निकषांनी २२.५ टक्के मुलींना पीसीओएस ठरला, तर संप्रेरकांचा अतिरेक अनिवार्य मानणाऱ्या निकषांनी १०.७ टक्के.

ओटीपोटातील दुखण्याचे काय?

इथेच गल्लत होते. पीसीओएसमध्ये सतत ओटीपोट दुखणे हे ठरलेले लक्षण नाही. छोट्या पुटिका सहसा दुखत नाहीत. म्हणून दुखण्याचे कारण वेगळे शोधावे लागते. पाळीच्या आधी सुरू होऊन पाळीत वाढणारे दुखणे एंडोमेट्रिऑसिसचे असू शकते, आणि त्याचे वरवरचे चट्टे सोनोग्राफीत बहुधा दिसत नाहीत. ताप आणि दुर्गंधीयुक्त स्राव असेल तर जंतुसंसर्गाचा विचार होतो. सुरुवातीला तोही सोनोग्राफीत दिसत नाही. लघवीला जळजळ, बद्धकोष्ठता हीही कारणे असतात. थोडक्यात, अहवाल ‘नॉर्मल’ असला तरी दुखणे खोटे ठरत नाही आणि ‘पीसीओडी’ आला तरी त्याचे उत्तर मिळत नाही.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यावे?

दोन-तीन महिन्यांची नोंद : पाळीची तारीख, दुखण्याची तारीख, बाजू आणि तीव्रता. ही माहिती सोनोग्राफीला देता येत नाही.

पाळी ९० दिवसांहून अधिक लांबली, तर दुखत नसले तरी दाखवावे. वारंवार असे झाल्यास गर्भाशयाचे अस्तर जाड होत राहते. ते औषधाने पाळी आणून बाहेर काढावे लागते. एका बाजूला अचानक असह्य दुखून उलट्या झाल्या, तर अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. पाळी चुकली असताना तीव्र दुखणे व चक्कर येणे हे गर्भाशयाबाहेरील गर्भधारणेचे लक्षण असू शकते. या दोन्ही वेळी जुना अहवाल शोधत न बसता थेट रुग्णालय गाठावे.