शून्य हरवते ते फाइल उघडताना

चहाच्या घाऊक व्यापाऱ्याचे एक बिल घेऊ. बिल क्रमांक 000417, तारीख 03/04/2025, चहाचा एचएसएन कोड 0902, रक्कम 1,25,000.00. स्कॅन केलेल्या बिलातून हे सगळे अचूक वाचले गेले, सीएसव्ही फाइल तयार झाली. ती एक्सेलमध्ये उघडली, तर क्रमांक दिसतो 417 आणि कोड 902. चहाचा काय, कशाचाच तसा कोड नाही.

दोष सहसा फाइलचा नसतो. हीच फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा, शून्ये जागेवर असतात. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर. कोणता रकाना अंकांचा आणि कोणता अक्षरांचा, हे त्यात कुठेच लिहिलेले नसते. एक्सेल ते अंदाजाने ठरवते. मूल्याभोवती अवतरणचिन्हे घातली तरी हा अंदाज बदलत नाही. मात्र अशी उघडलेली फाइल तुम्ही सेव्ह केलीत, की शून्ये कायमची गेली.

तारखेची चूक अधिक घातक, कारण ती डोळ्यांना खुपत नाही. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल, तर ३ एप्रिलची ४ मार्च होते आणि बिल थेट मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते. 13/04/2025 मध्ये मात्र तेरावा महिना नसल्याने ती तारीख मजकूर म्हणूनच राहते. एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या, तर उजवीकडच्याही तपासा. त्यांचे दिवस-महिने बहुधा उलटलेले असतात.

म्हणून बिलांतला मजकूर बाहेर काढतानाच तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहावी आणि रकमेतून रुपयाचे चिन्ह व स्वल्पविराम काढावेत:

```
000417,2025-04-03,0902,125000.00
```

मग फाइलवर डबल-क्लिक न करता एक्सेलच्या `Data` मधून `From Text/CSV` निवडावे आणि `Transform Data` दाबावे. तिथे एक्सेलने आपणहून `Changed Type` ही पायरी घातलेली असते. ती आधी काढून टाका. नंतर क्रमांक आणि कोडाला `Text`, तारखेला `Date`, रकमेला `Decimal Number` असे प्रकार द्या. कसोटी सोपी आहे: ज्या आकड्यांची बेरीज कधी करायची नाही, तो रकाना `Text`. बँक खाते क्रमांकही त्यातच, कारण एक्सेल पंधरा अंकांपुढचे अंक शून्य करून टाकते.

सगळेच रकाने मजकूर करणे हा मात्र उपाय नव्हे. मजकूर झालेल्या रकमा `SUM` गुपचूप वगळते. बेरीज कमी येते आणि `SUM` स्वतः चूक झाल्याची सूचना देत नाही. शेजारच्या रकान्यात `=ISNUMBER(D2)` लिहून खालपर्यंत ओढा. जिथे `FALSE` येईल, ते बिल मूळ कागदाशी ताडून पाहा.